एका सेटिंगमध्ये किती नग?

फेब्रुवारी १९१३मध्ये ‘फॅक्टरी, द मॅगझिन ऑफ मॅनेजमेंट’ या अमेरिकन मासिकात फोर्ड व्हिटमन हॅरिस नावाच्या एका इंजिनिअरचा छोटा लेख छापून आला. एका वेळी किती भाग बनवावेत, हाच त्याचा मथळा आणि हाच त्याचा विषय. मालसाठ्याचं गणित आज ज्या सूत्रापासून शिकवायला सुरुवात करतात, ते या लेखात पहिल्यांदा मांडलं गेलं. हॅरिस पुढे पेटंटचे वकील झाले, त्यांचा मूळ लेख विस्मरणात गेला आणि ते सूत्र कित्येक वर्षं विल्सन नावाच्या दुसऱ्याच गृहस्थांच्या नावाने ओळखलं गेलं. पण खरी गंमत निराळी आहे. हॅरिस यांनी विचारलं होतं भाग बनवण्याबद्दल, आणि त्यांचं सूत्र चपखल बसतं ते बाहेरून एकगठ्ठा विकत आणलेल्या मालाला.

हे कसं, ते समजून घेण्यासाठी आधी त्यांचा हिशेब पाहू. मशीन एखाद्या भागासाठी लावायचं म्हणजे खर्च आला, आणि तो खर्च शंभर नग काढा किंवा दहा हजार काढा, तेवढाच होतो. म्हणून वाटतं, एकदा मशीन लागलंय तर भरपूर काढून ठेवू. पण काढलेला माल स्टोअरमध्ये पडून राहतो. त्यात पैसा अडकतो, त्यावर व्याज चढतं, जागा लागते, पावसाळ्यात गंज चढतो. म्हणून वाटतं, थोडंच काढू. लॉट वाढवला की पहिला खर्च उतरतो आणि दुसरा चढतो. दोन्ही जिथे सारखे होतात, तिथे एकूण खर्च सर्वांत कमी असतो. सूत्र असं:

```
Q = √(2DS / H)
```

यात D म्हणजे वर्षभराची गरज, S म्हणजे एका ऑर्डरचा किंवा एकदा मशीन लावण्याचा खर्च, H म्हणजे एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च. उत्तर येतं ते Q, म्हणजे एका वेळचं प्रमाण. यालाच इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी किंवा ईओक्यू म्हणतात.

सूत्राच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे. सगळा लॉट एका क्षणी स्टोअरमध्ये येऊन पडतो आणि मग रोज थोडा थोडा कमी होत शून्यावर येतो, असं ते धरून चालतं. म्हणजे सरासरी साठा लॉटच्या निम्मा. ट्रक आला, माल उतरला, चलनावर सही झाली, असं असेल तर ते अगदी खरं आहे. स्वतःच्या कारखान्यात तसं घडत नाही. पोळीभाजी केंद्रातून तीस पोळ्या मागवल्या तर तीसच्या तीस एकदम डब्यात येतात. घरी मात्र तव्यावरून एक पोळी उतरते तोवर ताटातली एक संपलेली असते. पोळ्या होतात तीसच, पण डब्यात कुठल्याही क्षणी पाहिलं तर पाच-सातच्या वर दिसत नाहीत.

आता हेच प्रेसवर पाहू. पुण्याजवळ भोसरीच्या एमआयडीसीत असतात तसा एक मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणू. उदाहरण रचलेलं आहे आणि आकडे हिशेबाला सोपे पडतील असे घेतले आहेत. कारखाना दुचाकीच्या स्टँडसाठी एक ब्रॅकेट बनवतो. पत्र्याच्या पट्टीतून पॉवर प्रेसवर ब्रॅकेट निघतं आणि ट्रॉलीतून पलीकडच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये जातं. वेल्डिंगला रोज ३६० नग लागतात. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर १,०८,००० नग. या ब्रॅकेटची डाय चढलेली असली की प्रेस दिवसाला १,००० नग काढते. ती एकाच ब्रॅकेटला वाहिलेली नाही, तिच्यावर इतर भागांच्या डायही चालतात.

डाय बदलणं हे तीन तासांचं काम आहे. जुनी डाय उतरवायची, नवी होइस्टने आणून बसवायची, क्लॅम्प आवळायचे, स्ट्रोक आणि उंची जुळवायची, पहिले काही नग काढून गेजवर तपासायचे. त्यातले चार-दोन भंगारात जातात. प्रेसचा थांबलेला वेळ, सेटर आणि हेल्परची मजुरी आणि भंगार मिळून एका सेटिंगला २,४०० रुपये पडतात असं धरू. ब्रॅकेटची किंमत ५० रुपये. तो वर्षभर पडून राहिला तर बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज, जागा, हाताळणी, गंज हे सगळं धरून किमतीच्या २० टक्के, म्हणजे १० रुपये खर्च.

हॅरिस यांच्या सूत्रात हे आकडे घातले की लॉट येतो ७,२०० नगांचा. वर्षात १५ सेटिंग, त्यांचा खर्च ३६,००० रुपये. सरासरी साठा ३,६००, त्याचा खर्चही ३६,०००. एकूण ७२,००० रुपये. कागदावर सगळं जुळलं.

पण स्टोअरकीपरला विचारलं तर तो सांगेल की ७,२०० ब्रॅकेट त्याने कधी एकत्र पाहिलेलीच नाहीत. बरोबरच आहे. प्रेस दिवसाला १,००० नग काढते आणि त्याच दिवशी वेल्डिंग ३६० उचलते. साठ्यात भर पडते ती ६४० नगांची. ७,२०० नग काढायला सात दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि शेवटचा नग निघतो तेव्हा स्टोअरमध्ये ४,६०८ नगच असतात. उरलेले २,५९२ केव्हाच स्टँडला जोडून झालेले असतात. सरासरी साठा ३,६०० नव्हे, २,३०४ आहे. सूत्र ज्या मालाचं व्याज मोजतंय, त्यातला मोठा भाग अस्तित्वातच नाही.

ही गळती १९१८मध्ये ई. डब्ल्यू. टॅफ्ट यांनी बुजवली. ‘आयर्न एज’ या लोखंड-पोलाद धंद्याच्या नियतकालिकातल्या लेखात त्यांनी उत्पादनाचा वेग हिशेबात आणला. त्यातून तयार झालेल्या सूत्राला इकॉनॉमिक प्रॉडक्शन क्वांटिटी किंवा ईपीक्यू म्हणतात. फरक एका कंसाचा आहे:

```
Q = √(2DS / (H(1 − d/p)))
```

d म्हणजे रोजचा वापर, p म्हणजे रोजचं उत्पादन. आपल्या प्रेससाठी d/p हे ३६० भागिले १,०००, म्हणजे ०.३६. कंसात उरतात ०.६४. त्याचा सरळ अर्थ असा, की काढलेल्या दर १०० नगांपैकी ६४च ढिगात जमतात. म्हणून लॉटच्या आकाराच्या हिशेबात सांभाळण्याचा खर्च नगामागे १० रुपये नसून ६ रुपये ४० पैसे धरायचा. सांभाळणं स्वस्त पडत असेल तर लॉट मोठा घेणं परवडतं. ०.६४चं वर्गमूळ ०.८. ७,२००ला ०.८ने भागलं की ९,०००.

तर प्रेसवर एका सेटिंगमध्ये ९,००० नग काढायचे. प्रेस नऊ दिवस चालेल. नवव्या दिवशी संध्याकाळी स्टोअरमध्ये ५,७६० नग असतील, तो या ब्रॅकेटच्या साठ्याचा कळस. मग डाय उतरेल, प्रेस दुसऱ्या कामाला लागेल आणि वेल्डिंग पुढचे सोळा दिवस त्या ५,७६० नगांवर चालेल. नऊ आणि सोळा मिळून पंचवीस दिवसांचा फेरा, वर्षात बारा फेरे. बारा सेटिंगचे २८,८०० रुपये. सरासरी साठा २,८८०, त्याचे २८,८०० रुपये. एकूण ५७,६००.

ईओक्यूने लॉट सांगितला ७,२०० आणि स्टोअरमध्ये जागा मागितली तीही ७,२०० नगांची. ईपीक्यूने लॉट वाढवून ९,००० केला, तरी जागा मागितली ५,७६०चीच. मोठा लॉट आणि लहान ढीग एकाच वेळी, हे पहिल्यांदा ऐकताना चुकल्यासारखं वाटतं. एका बिनमध्ये ५० नग बसतात असं धरलं तर १४४ऐवजी ११६ बिन पुरतात. शेडमध्ये फोर्कलिफ्ट वळवायला जागा शोधणाऱ्या माणसाला हा फरक सूत्र न पाहताही पटेल.

आता प्रामाणिक प्रश्न: जो कारखाना आजवर ७,२००चे लॉट काढत आला, त्याचं नुकसान किती झालं? त्याचा खरा खर्च होतो सेटिंगचे ३६,००० आणि साठ्याचे २३,०४०, म्हणजे ५९,०४० रुपये. योग्य लॉट घेतला असता तर ५७,६००. वर्षाला १,४४० रुपयांचा फरक. एवढ्यासाठी कुणी रात्र जागवणार नाही. या सूत्रांचा स्वभावच असा आहे. एकूण खर्चाची रेघ तळाशी बरीच सपाट असते, त्यामुळे लॉट वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे झाला तरी खिशाला फारसं जाणवत नाही. पाठ्यपुस्तकं ९,००० हे उत्तर दोन रेघांनी अधोरेखित करून थांबतात. ८,५०० काढले काय किंवा ९,५०० काढले काय, काही बिघडत नाही, हे फारच थोडी सांगतात.

मग टॅफ्ट यांचा कंस लागतो कशाला? एक कारण किंमत काढण्याचं. ईओक्यू लावणाऱ्या हिशेबनिसाच्या वहीत या ब्रॅकेटचा सेटिंग आणि साठ्याचा खर्च ७२,००० रुपये लिहिलेला असतो. खरा खर्च ५७,६००पर्यंत आणता येतो. १,०८,००० नगांवर पसरला तर नगामागे सुमारे १३ पैशांचा फरक पडतो. भाग स्वतः बनवायचा की बाहेरून जॉबवर करून घ्यायचा, हा निर्णय ज्या धंद्यात पैशापैशांच्या घासाघीशीवर होतो, तिथे १३ पैशांनी चुकीच्या वहीवर काम बाहेर जाऊ शकतं.

दुसरं कारण जास्त वजनदार आहे. प्रेसचा वेग वापराच्या जवळ आला की चूक एकाएकी फुगते. समजा नवी प्रेस बंद पडली आणि ब्रॅकेट जुन्या, मंद प्रेसवर टाकावं लागलं. ती दिवसाला ४८० नगच काढते. वापर तोच, ३६०. आता d/p झालं ०.७५ आणि कंसात राहिलं ०.२५. त्याचं वर्गमूळ ०.५, म्हणजे लॉट ईओक्यूच्या दुप्पट, १४,४००. तिथे कुणी ७,२००वर अडून बसला तर त्याचा खर्च ४५,००० रुपये होतो आणि योग्य लॉट घेणाऱ्याचा ३६,०००. पंचवीस टक्के जास्त. शिवाय वर्षात साडेसातऐवजी पंधरा सेटिंग, प्रत्येकी तीन तासांची, आणि तीही जिला मुळातच श्वास घ्यायला फुरसत नाही अशा मशीनवर.

याच दिशेने टोकाला गेलं तर सूत्र काय सांगतं, तेही पाहण्यासारखं आहे. प्रेस दिवसाला नेमके ३६०च नग काढत असेल तर कंसात शून्य येतो आणि लॉट अनंत होतो. ते उत्तर वेडगळ नाही. त्याचा अर्थ डाय उतरवूच नका, प्रेस त्याच भागाला वाहून टाका. उलट प्रेस इतकी वेगवान असेल की महिन्याची गरज तासाभरात काढेल, तर d/p जवळजवळ शून्य, कंसात जवळजवळ एक, आणि उत्तर हॅरिस यांच्याच आकड्यावर येतं. दोन्ही सूत्रं परस्परविरोधी नाहीत. लॉट निमिषात तयार होतो असं मानलं की ईपीक्यूचंच ईओक्यू होतं.

हा वेग कुठून घ्यायचा, इथे पुष्कळ हिशेब फसतात. मशीनच्या पट्टीवर मिनिटाला अमुक स्ट्रोक असं कोरलेलं असतं आणि कुणीतरी त्याला आठ तासांनी गुणून p काढतं. प्रत्यक्षात पट्टी संपते, पंचाला धार लावायला काम थांबतं, वीज जाते, काही नग गेजवर नापास होतात. लागतात ते दिवसाअखेर ट्रॉलीत पडलेले चांगले नग, आणि ते शिफ्टच्या रजिस्टरमध्ये सापडतात. p फुगवून धरला की लॉट गरजेपेक्षा लहान येतो. तसंच d आणि p दोन्ही एकाच मापात हवेत. वापर वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागून काढला आणि उत्पादन कामाच्या दिवसाचं घेतलं, तर गुणोत्तर बिघडतं आणि ते नजरेत येत नाही, कारण उत्तर वाजवीच दिसतं.

याहून अवघड आकडा S. आपण २,४०० रुपये धरले, पण तो कारखान्यात कुठे लिहिलेला नसतो. सेटर महिन्याच्या पगारावर आहे, सेटिंग झालं काय आणि न झालं काय, त्याचा पगार तोच. प्रेसला कामच कमी असेल तर तिचे तीन तास थांबण्याने कुणाचं काही अडत नाही. अशा मंदीच्या महिन्यात खिशातून जाणारे पैसे भंगाराचे आणि किरकोळ, समजा ६०० रुपये. S चौथाई झाला की लॉट निम्मा, ४,५०० नग. पण दिवाळीच्या आधी दुचाक्यांची मागणी चढली की त्याच प्रेसचा प्रत्येक तास मोलाचा होतो. थांबलेल्या तीन तासांत दुसऱ्या भागाचे जे नग निघाले असते, त्यांचा नफाही S मध्ये धरावा लागतो आणि लॉट वाढतो. एकाच मशीनचा किफायतशीर लॉट हंगामाप्रमाणे बदलतो. वर्षाच्या सुरुवातीला एकदा आकडा काढून भिंतीवर लावणाऱ्या कारखान्यांना हे मानवत नाही.

हॅरिस आणि टॅफ्ट यांच्यानंतर कित्येक दशकं S हा दिलेला आकडा म्हणूनच सूत्रात घातला गेला. त्यालाच हात घालायचा, हे जपानच्या प्रेस शॉपमध्ये फार पुढे नेलं गेलं. शिगेओ शिंगो यांनी सांगितलेल्या हकिगतीनुसार १९६९मध्ये टोयोटाच्या कारखान्यात १,००० टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत आणि जर्मनीत फोक्सवॅगन तेच काम दोन तासांत करत असे. शिंगो यांनी काम दोन ढिगांत वाटलं: मशीन थांबवूनच करावी लागणारी कामं आणि मशीन चालू असताना उरकता येणारी कामं. पुढची डाय, बोल्ट, पाने आधीच मशीनशेजारी मांडून ठेवणं हे दुसऱ्या ढिगातलं. चार तासांचा वेळ दीड तासावर आला. मग व्यवस्थापनाने तो तीन मिनिटांवर आणायला सांगितला, आणि पुढच्या काही महिन्यांत तोही गाठला गेला.

आपल्या भोसरीच्या प्रेसवर इतका चमत्कार नको. सेटिंगचा खर्च २,४००वरून १५० रुपयांवर, म्हणजे सोळाव्या हिश्शावर आला असं धरू. लॉट चौथा हिस्सा होतो, २,२५० नग. वर्षात ४८ सेटिंग, तरी त्यांचा खर्च ७,२०० रुपयेच. साठ्याचा खर्चही ७,२००. एकूण १४,४००. लॉट नेमका किती हे बारकाईने काढून वाचले १,४४० रुपये. सेटिंगचा वेळ कापून वाचतात ४३,२००. मॅनेजरने आपला वेळ कुठे घालवावा, हे या दोन आकड्यांत दिसतं.

एक अडचण मात्र कुठलंही एकट्या भागाचं सूत्र सोडवत नाही. ब्रॅकेट पंचवीस दिवसांतले नऊ दिवस प्रेस अडवतं, उरलेल्या सोळा दिवसांत इतर भाग काढायचे असतात, आणि प्रत्येकाचा ईपीक्यू वेगळा फेरा मागतो. कुणाला पंचवीस दिवसांनी डाय हवी, कुणाला सतरा, कुणाला चाळीस. कधीतरी दोघांची पाळी एकाच सकाळी येणार. जॅक रॉजर्स यांनी १९५८मध्ये या प्रश्नावर शोधनिबंध लिहिला, आणि गणितज्ञ अजूनही त्यावर काम करतात. कारखानदार मात्र बहुधा एक सरधोपट तोडगा काढतात: सगळ्या भागांना एकच फेरा द्यायचा, उदाहरणार्थ महिन्याचा, आणि प्रत्येकाचे महिन्यापुरते नग काढायचे. खर्चाची रेघ तळाशी सपाट असते हे वर आलंच आहे. त्यामुळे हा तोडगा वाटतो त्यापेक्षा बराच बरा निघतो.

राहिला सर्वांत घातक प्रकार. टॅफ्ट यांचा कंस एका अटीवर उभा आहे: प्रेसवरून उतरलेला नग त्याच दिवशी वेल्डिंगला मिळाला पाहिजे. आता समजा ग्राहकाने सांगितलं की ब्रॅकेट झिंक प्लेटिंग करूनच स्टँडला लावायचं. प्लेटिंग बाहेरच्या जॉबवर्कवाल्याकडे होतं आणि तो पूर्ण लॉट एकत्र नेतो. किंवा क्वालिटीचा नियम आला, की संपूर्ण लॉट तपासून शिक्का मारल्याशिवाय एकही नग पुढे जाणार नाही. प्रेस तीच, ब्रॅकेट तेच, पण बनवणं आणि वापरणं आता एकाच वेळी होत नाही. नऊ दिवस नग निघत राहतात आणि पडून राहतात. वेल्डिंग त्या काळात आधीच्या लॉटवर चालतं. लॉट मोकळा होतो तेव्हा स्टोअरमध्ये ५,७६० नव्हे, पूर्ण ९,००० नग असतात. सुटण्याची वाट पाहणारे नग धरले तर सरासरी साठा २,८८०वरून ६,१२०वर जातो आणि वर्षाचा खर्च ५७,६००वरून ९०,००० रुपयांवर. त्यात प्लेटिंगवाल्याकडे माल जितके दिवस पडून राहील, तो खर्च आणखी वेगळा.

अशा वेळी कंसातली वजाबाकी काढून तिथे बेरीज करावी लागते, म्हणजे १ + d/p. उत्तर येतं सुमारे ६,१७५ नग, ईओक्यूपेक्षाही कमी. गंमत अशी की ईपीक्यू शिकलेला माणूस इथे जास्त चुकतो. ईओक्यूवाला ७,२०० काढून योग्य आकड्याच्या बराच जवळ राहतो आणि तो ९,००० काढून लांब जातो. दर दोन तासांनी एक ट्रॉली तपासून सोडण्याची व्यवस्था केली, किंवा प्लेटिंगला रोज एक फेरी पाठवली, तर पुन्हा वजाबाकीकडे वळता येतं. त्या फेऱ्यांचं भाडं आणि वाचणारं व्याज यांची मांडणी करून ठरवायचं.

ज्यांचा कारखाना आहे त्यांनी कॉम्प्युटरच्या कुठल्याही तक्त्यात एवढं लिहिलं तरी पुरेल, फक्त आकडे आपले घालायचे:

```
=SQRT(2*108000*2400/(10*(1-360/1000)))
```

पण त्याआधी एक काम हातानेच करा. एखाद्या भागाचा लॉट प्रेसवरून उतरेल त्या संध्याकाळी स्टोअर, ट्रॉल्या, तपासणीचं टेबल आणि प्लेटिंगवाल्याच्या चलनावरचा माल, सगळं मिळून नग मोजा. मोजणी लॉटच्या १ − d/p पट, म्हणजे या उदाहरणात ५,७६०च्या आसपास आली, तर वरची ओळ जशीच्या तशी तुमच्यासाठी आहे. ती पूर्ण लॉटच्या जवळ किंवा त्याच्याही वर गेली, तर आधी माल कुठे अडतोय ते शोधा आणि तो सुटेपर्यंत कंसात वजाऐवजी अधिक लिहा.